जांभळ्या शालीचा हिशेब

सकाळी अकरा वाजता कमरुन्निसाने काउंटरवरच्या जांभळ्या लोकरीच्या दहा गुंड्यांपैकी दोन दुकानदार शिवलिंगप्पांकडे परत सरकवले.

"आठात होतंय, काका."

"सगळी ने, कमरुन. हा रंग पुन्हा असाच येत न्हाय. पुढच्या लॉटला फरक पडतोय की."

"टॉवेल कारखान्यात वर्षानुवर्षं वजनं तपासलीत मी. सुताचा हिशेब मला शिकवता व्हय?"

शाल जगदेवीने आईच्या पंचाहत्तरीसाठी सांगितली होती. जुन्या मासिकातल्या नक्षीत टाके होते, शालीचं माप होतं. लोकर किती लागेल, तेवढंच नव्हतं. आजवर कमरुन्निसा दुसऱ्यांच्या दुकानांसाठी विणायची. या शालीच्या कोपऱ्यावर पहिल्यांदाच तिच्या नावाची पट्टी लागणार होती.

आदल्या दिवशी या दहांतलाच एक गुंडा घरी नेऊन तिने त्याच सुयांवर, त्याच वेण्यांच्या नक्षीत एक चौकोन विणला होता. वजन बारा ग्रॅम, बाजू तेरा सेंटिमीटर. शालीत असे चौसष्ट चौकोन बसत होते. म्हणजे पावणेआठशे ग्रॅमच्या आत. गुंडा शंभराचा.

परत आलेले दोन गुंडे दुकानातच बसलेल्या दानेश्वरीने मुलीच्या टोपीसाठी उचलले.

घरी येऊन कमरुन्निसाने चौकोन धुतला, सपाट पसरून वाळवला आणि पुन्हा मापला. बाजू बारा भरली.

"आटला काय?" तिच्या मुलाने, खालिदने विचारलं.

"आटला नाही. काल मी ताणून मापला."

कारखान्यात मागावरचं कापड ताणूनच मापायचं, हात त्यालाच सरावलेले. विणकाम ताणलं की माप खोटं होतं. आता चौकोन पंच्याहत्तर. लोकर नऊशे ग्रॅम, आणि हाताशी थोडी जास्त हवी तर दहाही गुंडे.

ते दोन गुंडे परत मागायला ती दानेश्वरीच्या दारात गेली तेव्हा एका गुंड्याची टोपी कानापर्यंत आली होती.

"उसवते की, आपा."

"उसवू नको. लेकीला शोभतीय. दुसरा गुंडा तेवढा दे."

"आणि नाही पुरलं तर? शाल जरा आखूड कर. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. माझं नाव लागणाराय त्यावर."

नऊ गुंडे झाले. वर काहीच नाही. शाल निम्मी झाली तेव्हा तिने ती तराजूवर ठेवली. साडेचारशे. काटा खालिदलाही दाखवला. "बघ. सुरुवातीला चुकले, पण आता ग्रॅमचा फरक नाही," ती म्हणाली आणि शाल दिव्याखाली धरून वेण्यांवरून हात फिरवत राहिली.

शुक्रवारी दुपारी सात सेंटिमीटर शाल बाकी होती. त्याला पस्तीस ग्रॅम लागणार. गुंड्यात चोवीस उरले होते, नमुन्याच्या चौकोनात बारा. मिळून एकच ग्रॅम वर. टाके बंद करायच्या ओळीला लोकर जरा जास्तच जाते.

नावाची पट्टी शेजारी कापून ठेवलेली होती. कमरुन्निसाने चौकोन उसवायला घेतला.