तीन मिलिग्रॅम आणि ड्युटीचा तक्ता

महिन्यातले नऊ दिवस माझं अर्धं डोकं ठणकायचं. पडदे ओढून, पलंगाशी बादली ठेवून मी पडून राहायचे आणि आमची सात वर्षांची लेक घरात चवड्यांवर चालायची. रजा संपल्या होत्या. आणखी खाडे झाले तर नोकरीवरून कमी करू, असं आम्हा नर्सेसच्या मेट्रननं तोंडावर सांगितलं होतं.

आमच्याच हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी आधी दिलेल्या गोळीनं मी ड्युटीवर पेंगायचे. म्हणून त्यांनी मेलाटोनिन लिहून दिलं, झोपण्याआधी तासभर, साधी तीन मिलिग्रॅमची गोळी. ते मेंदूतलं झोपेचं घड्याळ ताळ्यावर आणतं, मायग्रेन भडकवणारी काही रसायनंही आवरत असावं, असं म्हणाले. काही चाचण्यांत गुण आला, काहींत नाही, हेही लपवलं नाही. ज्यांची झोप बिघडलीय आणि बाकीच्या गोळ्या सोसत नाहीत, त्यांनी करून बघायला हरकत नाही. मी गरोदर नाही ना, रक्त पातळ करणारं काही घेत नाही ना, हे विचारून घेतलं. डोकं दुखायला लागल्यावर हिचा उपयोग नाही, आणि तीन महिने धीर धरायचा, असं बजावलं.

पेशंटला औषधं समजावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र मी माती खाल्ली. आमच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात. मी जेव्हा झोपेन तेव्हा गोळी घ्यायचे, कधी रात्री दहाला, कधी सकाळी नऊला. दुखल्याचे दिवस मी एका वहीत मांडायचे; तीन महिन्यांनी तिथे नऊचे नऊच.

डॉक्टरांनी वही बघून कपाळाला हात लावला. "सिस्टर, घड्याळ लावायचं औषध तुम्ही दर आठवड्याला वेगळ्याच वेळी घेताय."

त्यांनी फक्त दिवसपाळी द्या, अशी चिठ्ठी दिली. मेट्रननं नाक मुरडलं, पण तीन महिन्यांपुरतं मान्य केलं.

मग रोज रात्री नऊला गोळी, दहाला दिवा बंद. पहिल्या महिन्यात आठ दिवस दुखलं, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात तीन. गुण गोळीचा की वेळेवरच्या झोपेचा, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. मला काय करायचंय? लेक घरात धावायला लागली होती.

कायमची दिवसपाळी मागायला मी वही घेऊन मेट्रनकडे गेले, तेही अगदी उड्या मारत. तिनं चष्मा लावून तिन्ही पानं वाचली, मग हजेरीपट उघडला. शेवटच्या महिन्यात एकही खाडा नव्हता.

"छान झालं. बरी झालीस ना आता? मग सोमवारपासून रात्रपाळी."

मी म्हटलं, मॅडम, दिवसपाळी आहे म्हणूनच बरी आहे. तिनं वही माझ्याकडे सरकवली आणि पुढचा कागद ओढला. सवलत आजारी बाईला होती, आणि मी आजारी नसल्याचा पुरावा मीच माझ्या हातानं, तारीखवार लिहून आणला होता. मी वही उचलली आणि बाहेर पडले.

घरी येऊन लेकीला सांगितलं, सोमवारपासून आई रात्री ड्युटीला जाणार.  ती उठली आणि चवड्यांवर चालत खिडकीपाशी जाऊन पडदा पुरता बंद होतो का, ते ओढून बघितलं.