बारकोडचे अकरा आठवडे

ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या कार्यालयात तिला सगळे आकडेताई म्हणत. कुणाला काहीही मोजून हवं असलं की पावलं आपोआप तिच्या टेबलाकडे वळायची. ती कुरकुर करायची, पण मोजून द्यायची.

त्या सोमवारी सकाळी मोजायला विभागप्रमुख मॅडमनीच सांगितलं होतं. काम तसं सोपं होतं. एखाद्या ग्रंथालयातून तक्रार आली की तिचं तिकीट, म्हणजे नोंद, ट्रॅकरमध्ये उघडायचं आणि काम झालं की ते बंद करायचं. तिकीट सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागाचं आहे, तेही त्यावर लिहिलेलं असे: शोध, देवघेव, सूचना, बारकोड, असे एकूण चौदा भाग. गेल्या बावन्न आठवड्यांत दर आठवड्याला कोणत्या भागाची किती तिकिटं बंद झाली, ते मॅडमना दुपारपर्यंत हवं होतं. कशासाठी, हेही लपलेलं नव्हतं. आठवड्याला सरासरी चारपेक्षा कमी तिकिटं ज्या भागाची बंद होतात, तो भाग बाहेरच्या कंपनीकडे द्यायचा, असं वरून ठरलं होतं आणि तसा मेल सगळ्यांना आला होता.

"म्हणजे ज्याचं काम बिघडतच नाही, तो घरी," मेल वाचून कार्यालयातले सगळ्यांत जुने काका म्हणाले होते. "मग मी थोडं बिघडवून ठेवायला हवं होतं."

सगळे हसले होते. काकाही हसले होते. पण बारकोडचा भाग काका एकटे सांभाळत. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच तो लिहिला होता. बाकी भागांत चार-पाच माणसं, इथे एक खुर्ची. त्यामुळे तो मेल नेमका कुणाच्या दारात पडला आहे, हे सगळ्यांना कळत होतं.

आकडेताईला जरा जास्तच कळत होतं. आठ वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा तिला क्वेरी म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. काकांनी शेजारी बसवून शिकवलं होतं. डेटाबेसला प्रश्न विचारायचा तर तो लहान मुलाला विचारावा तसा विचारायचा, ते म्हणत. ते मूल खोटं बोलत नाही, पण जेवढं विचाराल तेवढंच सांगतं.

तिने रिपोर्टिंगचा डेटाबेस उघडला. ही ट्रॅकरची नक्कल होती. रोज पहाटे ताजी व्हायची, आणि तिच्यात वाचता यायचं, बदलता काही यायचं नाही. तिने तिकिटं घेतली, भागांच्या यादीला जोडली, बंद झाल्याची वेळ जागतिक घड्याळावरून आपल्या घड्याळावर आणली, तिचा आठवडा काढला, आणि आठवडा व भाग अशा जोडीने गट करून मोजलं. मग भागवार सरासरी. बारकोडची आली चार पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.

तिने खुर्चीला पाठ टेकली. सुटले काका.

अर्ध्या तासाने मॅडमचा फोन आला. "अगं, बाकीच्यांच्या बावन्न ओळी आहेत आणि बारकोडच्या एकेचाळीस. उरलेल्या कुठे गेल्या?"

"बघते," ती म्हणाली. पण फोन ठेवण्याआधीच तिला कळलं होतं.

वर्गात आलेल्या मुलांनाच मोजलं, तर ज्या दिवशी एकही मूल आलं नाही त्या दिवसाची ओळच तयार होत नाही. तिकिटांपासून मोजायला सुरुवात केली की तसंच होतं. ज्या आठवड्यात एकही तिकीट बंद झालं नाही, तो आठवडा शून्य म्हणून येत नाही. तो येतच नाही. आणि सरासरी काढताना त्याला कुणी धरतही नाही.

न आलेले आठवडे अकरा होते, सलग. तारखा बघून तिला आणखी काही बघावं लागलं नाही. ते काकूंच्या आजारपणाचे आठवडे होते. शेवटच्या आठवड्यात काकू गेल्या.

उपाय तिला माहीत होता. आधी बावन्न आठवड्यांची कोरी यादी करायची. ती चौदा भागांशी गुणायची, म्हणजे प्रत्येक भागाला प्रत्येक आठवड्याची एक ओळ मिळते. मग तिकिटं लेफ्ट जॉइनने जोडायची, म्हणजे तिकीट असो वा नसो, ओळ राहते. तिने तसं केलं. बारकोडच्या बावन्न ओळी आल्या. सरासरी चार पूर्णांक शून्य सहा.

अजूनही चारच्या वर. काठावर, पण वर.

तिने ओळी खाली सरकवल्या. त्या अकरा आठवड्यांपुढे आकडा होता एक. एक, एक, एक, अकरा वेळा. बाकी कुठे सात, कुठे दोन, कुठे नऊ. माणसाचं काम असं वरखाली होतं. इथे मात्र शिस्तीत ओळीने एक.

तिचा हात माउसवरच राहिला. तिने मोजायला काउंट-स्टार लिहिलं होतं. काउंट-स्टार ओळी मोजतो, तिकिटं नाही. तिकीट नसलं तरी लेफ्ट जॉइनने ठेवलेली रिकामी ओळ तिथे होतीच, आणि त्याने ती इमानदारीने मोजली होती. ही चूक तिने पहिल्याच वर्षी केली होती आणि काकांनी तिला ती फळ्यावर काढून दाखवली होती.

मॅडमना क्वेरी वाचता येत नव्हती. वरच्यांना तर येतच नव्हती. अकरा न झालेली कामं मोजली गेली, यात कुणाचं काय बिघडत होतं? एका माणसाची खुर्ची राहत होती.

पण तिथली रीत अशी होती की दुसऱ्याने वाचल्याशिवाय क्वेरी पुढे जायची नाही. आणि तिच्या क्वेरी आठ वर्षं काकाच वाचत होते. आज दुसऱ्याकडे नेली तर ते विचारतील, माझ्या डोळ्यांना काय झालं? ती लॅपटॉप उचलून त्यांच्याकडे गेली. वाचतील आणि जाऊ देतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

"या, आकडेताई. माझा निकाल घेऊन आलात?"

"चार पूर्णांक शून्य सहा, काका. पास."

"काठावर पास म्हणजे कुणीतरी ढकललेलं असतं." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचू लागले. बोट एकेका ओळीवरून सावकाश फिरत होतं. "आठवड्यांची यादी केलीस, छान. तारखेची अट जोडणीतच घातलीस, खाली नाही. हेही छान. नाहीतर रिकाम्या ओळी गळाल्या असत्या." बोट थांबलं. "इथे स्टार आहे."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"राहिला का ठेवला?"

"आधी राहिला," ती म्हणाली. "मग ठेवला."

काकांनी मान हलवली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"स्टारच्या जागी तिकिटाचा क्रमांक घाल. रिकाम्या ओळीला क्रमांक नसतो, मग मोजली जाणार नाही. मीच सांगितलं होतं ना तुला?"

"काका, तीन पूर्णांक पंच्याऐंशी येईल."

"येऊ दे."

"मग मी खाली टीप लिहिते. हे अकरा आठवडे रजेचे होते म्हणून. ते वगळून मोजा म्हणते. खोटं नाही त्यात काही."

"आहे," काका म्हणाले. "मी रजेवर नव्हतो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रजा संपली होती, ते म्हणाले, आधीच्या तपासण्यांतच. मग घरून काम करतो असं मॅडमना सांगितलं. रोज सकाळी नऊला दवाखान्यात बायकोच्या पलंगाशेजारी लॅपटॉप उघडायचो. तिकीट उघडायचो. पहिलं वाक्य वाचायचो. मग ती पाणी मागायची, किंवा नुसती बघायची. संध्याकाळी तेच वाक्य पडद्यावर असायचं.

"ती चिडवायची. म्हणायची, तुमच्या त्या तिकिटाला अजून गाडी मिळाली नाही वाटतं." ते किंचित हसले. "अकरा आठवडे मी एकसुद्धा बंद केलं नाही, गं. मॅडमना कळलं असणार. बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार."

"म्हणूनच म्हणते, राहू दे ना एकेक."

"तुझ्या पहिल्या क्वेरीत ते आठवडे नव्हतेच. बरोबर?"

"नव्हते."

"आणि दुसरीत मी काम करत होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "दोन्ही नकोत. ते आठवडे होते. आणि मी त्यांत काम करत नव्हतो, तिच्यापाशी बसलो होतो. या कार्यालयात त्याची एवढीच एक नोंद आहे बघ, ती अकरा शून्यं. ती पुसून मला खुर्ची नको."

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि स्टार खोडून तिकिटाचा क्रमांक घातला. क्वेरी चालायला दोन सेकंद लागले. अकरा शून्यं एकाखाली एक उभी राहिली. काका थोडे पुढे वाकले आणि ती वरपासून खालपर्यंत बघून झाल्यावर म्हणाले, "आता बरोबर आहे. माझं नाव घाल, वाचली म्हणून."

तिने घातलं आणि पाठवलं.

तरीही दुपारी ती मॅडमच्या खोलीत गेली. बसली नाही. "बारकोडचं एकदा बघा ना, मॅडम. एकाच माणसाचा भाग आहे, आणि मधले अकरा आठवडे…"

"माहीत आहेत मला ते आठवडे," मॅडम म्हणाल्या. "वरच्यांना नाहीत. आणि आत्ता सांगायचं तर तेव्हा का नाही सांगितलं, असं मला विचारतील. मग काकांनाही विचारतील." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "चारच्या खाली तीन भाग आहेत. तिन्ही जाणार. काकांना सूचनांच्या गटात घेते. तेवढं माझ्या हातात आहे."

पुढच्या महिन्यात बाहेरच्या कंपनीची दोन माणसं व्हिडिओ कॉलने पडद्यावर आली. काकांनी त्यांना चार दिवस बारकोडचा भाग समजावून सांगितला. फाटलेली पट्टी कशी वाचायची, शाई पसरली तर काय करायचं, उलटं धरलेलं पुस्तक कसं ओळखायचं. आकडेताई दोन टेबलं पलीकडे बसून ऐकत होती. त्यांचा आवाज तिला शिकवतानाचाच होता, जराही घाई नसलेला.

शेवटच्या दिवशी पडद्यावरच्या मुलीने विचारलं, "सर, चाचणीसाठी सगळीकडे एकच नमुना पट्टी वापरली आहे. कुठल्यातरी शाळेच्या पुस्तकाची दिसते. ही कुठून आली?"

"माझी बायको त्या शाळेच्या ग्रंथालयात होती," काका म्हणाले. "पहिली पट्टी तिनेच चिकटवली होती. तिरकी चिकटवली होती, म्हणून चाचणीला बरी पडली."

"अच्छा. आमच्याकडे नमुन्यांचा एक ठरलेला संच असतो, सर. ही काढून तो घातला तर चालेल ना?"

आकडेताईने टायपिंग थांबवलं.

"चालेल," काका म्हणाले. "फक्त एखादी तिरकी पट्टी ठेवा त्यात. सरळ चिकटवलेली कोणीही वाचतं."

मुलीने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.