हळदीचं बोट

२०११च्या दिवाळीत मी पुण्याहून बसवकल्याणला आलो तो स्कॅनर घेऊनच. आजोबांच्या जन्मनोंदींच्या वहीची पानं हात लावताच तुटायची. एकेक पान काचेवर अलगद पालथं ठेवलं, मागची शाई उमटू नये म्हणून वर काळा कागद ठेवला आणि मग कॉम्प्युटरवर सगळे डाग पुसले. आजोबांचं अक्षर मशीनला वाचता येईना, म्हणून प्रत्येक पानाला त्यातली नावं टाईप करून जोडली. नाव टाकलं की पान सापडायचं.

मोठ्या तोऱ्यात आईला दाखवलं. माझ्या नावाच्या वर तिनं बोट ठेवलं.

"इथला पिवळा ठिपका कुठाय?"

"डाग होता. पुसला."

"कामून पुसलास? तुझी अक्का हाय ती. बारशाआधीच गेली. आजोबा म्हणले, नावच न्हाई तर लिवू काय? मग मीच हळदीचं बोट टेकवलं."

मूळ स्कॅन मी वेगळे ठेवले होते, म्हणून ठिपका परत आणता आला. पण शोधायला नाव लागतं.

"काय टाकू, आई?"

तिनं पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"मल्लेश्वरी. तवा मनात तेच धरलं हुतं."

मी ते जोडलं.

"आता शोध बघू," ती म्हणाली, "सापडती का."

सापडली.