दोन पत्ते, एक पलंग

"फिरतंय नुसतं. मेलं गरगर फिरतंय," मोठी सून पुटपुटली. तिच्या फोनवर पैसे भरायचं पान अडकलं होतं. म्हातारीच्या उशाशीच बसून ती पुटपुटत होती. म्हातारीचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांची माणसं बहिरी असतात, अशी त्या घरातली जुनी समजूत.

म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. तिच्या स्वतःच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, त्याही बिनलिफ्टच्या. म्हणजे आता कुणाकडे तरी जाणं आलं. वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं होतं की डोकं-पाय वरखाली होणारा पलंग घरी आधी येऊ द्या, मग पेशंट न्या. उद्या दुपारी खाट रिकामी हवी. सून लगेच पलंग मागवायला बसली. केवढी तत्परता, असं शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या लेकीला म्हणाली.

फोनवरचं चाक थांबेना, तेव्हा सून मागच्या पानावर गेली, सगळं पुन्हा घाईघाईने भरलं आणि पैसे दिले. मग बँकेचे दोन मेसेज पाठोपाठ आले. पैसे दोनदा कापले गेले होते. पहिली ऑर्डरही लागली होती, दुसरीही.

एवढं कुठेही घडतं. पलंग अजून गोदामातच होते. रवाना होण्याआधी एक ऑर्डर रद्द केली की पैसे परत खात्यात. पण म्हातारीच्या धाकट्या मुलाने वहिनीचा फोन हातात घेऊन दोन्ही ऑर्डरी उघडून पाहिल्या.

"वहिनी, ही पहिली माझ्या पत्त्यावर कशी?"

"पडला असेल चुकून."

"तुमच्या घरचा पत्ता आपोआप पडतो. माझा निवडावा लागतो."

खरं होतं ते. पहिल्या वेळी तिने जपून, बोटाने खाली सरकवत, दिराचा पत्ता निवडला होता. दुसऱ्या वेळी घाईत राहून गेलं आणि पान आपलं नेहमीच्या घरावर जाऊन बसलं. चूक झाली ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ती अगदी शुद्धीत होती.

मग जागेची चर्चा सुरू झाली. थोरला म्हणाला, आमचा हॉल म्हणजे नुसता बोळ, पलंग आडवा टाकला तर उंबऱ्यावर पाय येतील. धाकट्याने सांगितलं की त्याची एक खोली सामानाने भरली आहे, आणि दुसरीत तो घरून काम करतो, दिवसभर मीटिंगा. थोरल्याने विचारलं, सामान म्हणजे ती न चालवलेली व्यायामाची सायकल का? धाकटा म्हणाला, दादा, तुझ्या बोळात सोफा मात्र सहा माणसांचा मावतो. दोघंही हळू आवाजात बोलत होते. आईची झोप मोडू नये ना.

सून बिलाच्या खिडकीशी गेली. जाताना फोन दिराच्या हातात उघडाच ठेवून गेली. 'रवाना' असं दिसायच्या आत एक रद्द करायची आहे, तोवर लक्ष ठेवा म्हणाली. थोरला औषधं आणायला उतरला.

धाकटा खाटेजवळच बसला. त्याने स्वतःच्या पत्त्याची ऑर्डर उघडली, 'रद्द करा' दाबलं. कारण विचारलं, तेव्हा 'चुकून दोनदा मागवली' निवडलं. मग वर आलेला मेसेज बोटाने बाजूला सारला. म्हातारीने डोळे उघडून विचारलं, काय करतोस रे? तो म्हणाला, काही नाही, वेळ बघतोय.

सून परतली. फोन घेऊन पाणी प्यायच्या निमित्ताने दाराबाहेर गेली आणि बाकी यादीकडे न बघता घरचा पत्ता असलेली ऑर्डर उघडून रद्द केली. कारण तेच. अशा बाबतीत दीर-भावजयीचं एकमत होतं.

यादी पुन्हा समोर आली. पलंगाचे दोन एकसारखे फोटो, आणि दोन्हींखाली लाल अक्षरांत 'रद्द'.

ती आत आली आणि फोन दिरासमोर धरला. औषधाची पिशवी घेऊन थोरलाही पोचला. तिघांनी फोनचा पडदा पाहिला, मग एकमेकांचे चेहरे सोडून बाकी सगळं पाहिलं. इतक्यात सिस्टर येऊन विचारून गेली, पलंगाचं झालं ना?

"परत मागव," थोरला बायकोला म्हणाला.

तिने मागवायला घेतला. या वेळी पान चटकन उघडलं. चाक नाही, काही नाही. वरच विचारलं होतं: पत्ता निवडा. खाली दोन पत्ते, एकाखाली एक. तिचं बोट अधांतरी थांबलं. धाकटा बुटाची नाडी बांधायला वाकला; ती सुटलेली नव्हती. थोरला औषधांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचू लागला, आणि वाचून झाल्या तरी वाचतच राहिला.

"पुरे झालं," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे उघडे होते, बहुतेक केव्हापासूनच. "जागा दोघांकडे आहे. मी नकोय."