पनीरखालचं औषध

कुत्र्याचं नाव हवालदार. ओमप्रकाशच्या ढाब्यावर, कारंज्याच्या हायवेला, खाकी रंगाचा आणि फुकट खाणारा दुसरा कोण असणार, म्हणून ठेवलेलं.

सकाळी तर्री-पोहे चालू असताना हवालदार झुलत आला. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. खाटेच्या पायाला धडकला, ओकला आणि त्यावरच बसला.

ट्रकवाले हसले.

"पेऊन आला बे हा."

"दारूबंदीच्या जिल्ह्यात?"

"म्हनूनच. बाहेर पेला असता तर पचवली असती."

सगळा ढाबा हसला. एक सोडून. ओमप्रकाश, ढाब्याचा मालक आणि गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष. ज्या जिल्ह्यात कायद्याने थेंबभर दारू मिळत नाही, तिथल्या अध्यक्षाच्या दारात झिंगलेलं कुत्रं. त्याला कुत्रं दिसलंच नाही. त्याला उद्याचा मोबाईलवरचा फोटो दिसला.

"मागच्या शेडात बांध त्याले," तो पंचफुलाला म्हणाला. पंचफुला तिथे पोळ्या करायची. हवालदाराला पिल्लू असताना तिनेच रस्त्यावरून उचलून आणलं होतं.

"मालक, याच्या तोंडाले दारूचा वास नाई."

"तुले काऊन माहीत दारूचा वास?"

"नवरा होता मले."

ट्रकवाले पुन्हा हसले. ओमप्रकाशने शेडाचं दार ओढून घेतलं.

*

त्याच वेळी, आत.

एक गोड, हिरवं पाणी रक्तात फिरतंय. मूळ रूपात ते फार वाईट नाही. नशा आणतं, ओकायला लावतं, तहान लावतं. पण यकृत कामाला लागलंय. प्रामाणिक, मूर्ख यकृत. आलेल्या गोडाचं आम्ल करायचं, एवढंच त्याला कळतं. कुणी विचारलं तर म्हणेल, मी माझं काम केलं.

*

ते पाणी कुठून आलं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

चंदन मिस्त्री ढाब्याशेजारी झाडाखाली ट्रक दुरुस्त करतो. त्याने एका ट्रकच्या रेडिएटरमधलं जुनं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, घमेल्यात काढलं आणि घमेलं तिथेच ठेवून चहाला आला. हवालदाराने अर्धं चाटलं. ढाब्यावरच्या चिमणी नावाच्या मांजरीने थोडंसं. मांजरीला थोडंसंही पुरतं.

एवढी माणसं बसली होती. घमेलं कुणी पाहिलं नाही. इथे प्रत्येकाला फक्त बाटली दिसते.

*

दुपार. शेडात हवालदाराने बादलीभर पाणी संपवलं. सारखा मुतत होता. मग उठला, जवळजवळ सरळ चालला.

"पाह्य, उतरली त्याची," ओमप्रकाश म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

पंचफुलाला ते पटलं नाही, कारण चिमणी चुलीमागे पडली होती, श्वास चालू पण अंग थंडगार. दोघंही एकाच दिवशी पिऊन आले, हे मानायला माणूस समितीत असावा लागतो. तिने दोघांना पोत्यावर घेतलं, ऑटो थांबवला आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेली.

ओमप्रकाश मोटरसायकलवर मागोमाग. बरोबर समितीचे उपाध्यक्ष सदाशिवराव. कागदावर 'दारू' हा शब्द येऊ नये, एवढ्यासाठी.

*

डॉक्टर गुंजन तरुण होती आणि थकलेली होती. तिने नळी घालून दोघांची लघवी काढली, काचेवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"याने काय प्यायलं?"

"ऊन लागलं त्याले, मॅडम," ओमप्रकाश म्हणाला.

"उन्हाने लघवीत असे स्फटिक पडत नाहीत." ती बाजूला झाली. "बघा."

पंचफुलाने डोळा लावला. कुंपणाच्या फळ्या असतात तशा, लांबट, टोकदार, काचेसारख्या. शेकडो.

"तुम्ही गल्ल्यावर बसता ना?" तिने ओमप्रकाशला विचारलं. "नोटा तपासायची बॅटरी असेल खिशात. द्या."

निळा उजेड हवालदाराच्या तोंडावर पडला. मिशा हिरव्या चमकल्या. पुढचे पंजेही.

"कुलंट," डॉक्टर म्हणाली. "काही कुलंटमध्ये हा चमकणारा रंग घालतात. कधी प्यायला?"

"सकाळी. तर्री चालू होती," पंचफुला म्हणाली.

डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सात तास होत आले. कुत्र्याला आठ ते बारा तासांत औषध मिळालं तर आशा असते. मांजरीला तीन तासांत मिळावं लागतं. तिची वेळ केव्हाच गेली."

"पर तो तं चांगला झाला, मॅडम. चालून राह्यला," सदाशिवराव म्हणाले.

"हीच तर फसवणूक आहे. नशा उतरते, घरचे म्हणतात बरा झाला. उद्या-परवा मूत्रपिंड बंद पडतं. लघवी थांबते. मग कोणतंही औषध चालत नाही."

"मग द्या ना औषध," ओमप्रकाश म्हणाला. "खर्च मी करतो." असं तो नेहमी साक्षीदारांसमोर म्हणतो.

"त्याचं खास इंजेक्शन आपल्याकडे मिळत नाही. दुसरं औषध दारू आहे."

सदाशिवरावांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"वोडका चालेल. सीलबंद. सलाईनमध्ये पातळ करून शिरेतून देते. हातभट्टीची नको, तिच्यात काय असेल सांगता येत नाही. आणि दवाखान्यातलं स्पिरिट तर मुळीच नाही, त्यात भेसळ असते."

"मॅडम," ओमप्रकाशने छाती काढली, "आपल्या जिल्ह्यात दारू नाई."

"हो, नाई," सदाशिवराव म्हणाले.

दोघांनीही जमिनीकडे पाहिलं. कारण दोघांनाही एकच फ्रीजर आठवला होता.

"हद्दीपलीकडून आनून देतो. उद्या सकाळी."

"उद्या नको. उद्या मी फक्त तो मरताना बघू शकेन."

*

त्याच वेळी, आत.

आम्लाला रक्तातलं कॅल्शियम भेटलंय. दोघं मिळून मूत्रपिंडाच्या नळ्यांमध्ये बसतात. एकदा बसले की उठत नाहीत. अध्यक्षासारखे.

*

पंचफुला उभी राहिली. हवालदाराचं डोकं तिच्या पावलावर होतं, ते तिने हळूच खाली ठेवलं.

"फ्रीजरमंदी हाये," ती म्हणाली. "पनीरच्या खाली. तीन बाटल्या. पांढऱ्या."

"पंचफुला."

"शनिवारी समितीची मीटिंग झाली तवा चार होत्या."

सदाशिवरावांना खोकला आला.

"उद्यापासून कामाले येजो नको," ओमप्रकाश म्हणाला.

"येत नाई. चाबी द्या."

तो देईना. डॉक्टरने टेबलावरचा फोन उचलला आणि शांतपणे म्हणाली, "मी औषध म्हणून मागतेय. तुम्ही दिली नाही, तर मला पोलिसांकडे मागावी लागेल. ते विचारतील, कुठे आहे."

किल्ली निघाली. कुत्र्यासाठी नाही, हे सगळ्यांनाच कळलं.

*

त्याच वेळी, आत.

यकृताला दारू दिसली. ते हिरवं पाणी तसंच सोडून दारूच्या मागे लागलं. अख्ख्या गावासारखंच. आणि हिरवं, आम्ल न होता, लघवीतून निमूट बाहेर जाऊ लागलं.

*

दोन दिवस हवालदार खरोखर झिंगलेला होता. दर काही तासांनी नवी मात्रा. पंचफुला त्याला उशीसारखी मांडी देऊन बसली. चिमणीलाही थोडी दिली होती. डॉक्टर म्हणाली, देऊन पाहू. पहिल्याच पहाटे ती गेली.

तिसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी आली. मूत्रपिंड चालू. हवालदार दवाखान्याच्या पायरीवर मुतला, भरपूर. डॉक्टरने तेवढ्यासाठी हातातला चहा खाली ठेवला.

त्याच दिवशी मोबाईलवर फोटो फिरला. समितीने बेकायदा साठा पकडला. मध्ये ओमप्रकाश, गळ्यात हार, बाजूला सदाशिवराव, पुढे दोन सीलबंद बाटल्या. आरोपी फरार. खाली शंभर जणांनी हात जोडलेले.

पंचफुला आपलं पोळपाट-लाटणं घ्यायला ढाब्यावर गेली. हवालदार दोरीला होता. झाडाखाली पोचताच त्याने मान खाली घातली आणि वास घेतला.

घमेलं तिथेच होतं. चंदनने उरलेलं काढून टाकण्याऐवजी दुसऱ्या ट्रकचं त्यातच ओतलं होतं. काठोकाठ हिरवं.

तिने दोरी कमरेला बांधली. घमेलं दोन्ही हातांनी उचललं, सांडू न देता. गल्ल्यावर ओमप्रकाश कुणाला तरी फोटो दाखवत होता. तिने घमेलं त्याच्या समोर, नोटांच्या शेजारी ठेवलं.

"हे पकडा आता," ती म्हणाली, आणि पोळपाट घ्यायला आत गेली.