कुलपातली बाटली

थोरलीच्या हातांना खाज सुटली तेव्हा तिला पहिल्यांदा धाकटी आठवली. डॉक्टर आठवायला आणखी तीन आठवडे लागले.

दोघी जावा मिळून मालिशकेंद्र चालवत. दोन खोल्या, दोन टेबलं, मध्ये पडदा. खिडकीकडचं टेबल थोरलीचं, कारण केंद्र तिनं काढलं होतं. दाराकडचं धाकटीचं, कारण ती नंतर आली होती. अलीकडे गिऱ्हाइकं मात्र खिडकीपर्यंत पोचायच्या आतच थांबू लागली होती. आधी मुख्याध्यापिकाबाई गेल्या. निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी त्या थोरलीकडे येत. एके दिवशी म्हणाल्या की गुरुवार जास्त सोयीचा पडेल. गुरुवारची गिऱ्हाइकं धाकटीच्या टेबलावर जात. मग आणखी दोघींना गुरुवार सोयीचा वाटू लागला. ज्या बाईला निवृत्तीनंतर आठवड्याचे सातही वार सारखेच, तिला गुरुवारीच काय असं सोयीचं असतं, यावर थोरलीनं बराच विचार केला. पडद्याआडून हसण्याचा आवाज आला की ती हातातल्या पाठीवर जरा जास्त जोर द्यायची.

धाकटीकडे नव्हती अशी एक गोष्ट मात्र थोरलीकडे होती. अर्ध्या लिटरची लॅव्हेंडरच्या अर्काची बाटली. मालिशच्या वर्गात पहिली आली म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी दिलेली, पारदर्शक काचेची, दिसायला देखणी. रोज सकाळी साध्या तेलात त्यातले सात-आठ थेंब टाकायचे, बूच लावायचं, भिंतीवरच्या कपाटात ठेवायचं आणि कपाटाला कुलूप. कपाटाखाली टॉवेल गरम करायची वाफेची पेटी होती, त्यामुळे आतलं सगळं कसं छान उबदार राहायचं. पाच वर्षांत बाटलीत चार बोटं अर्क उरला होता. वरची सगळी जागा रिकामी.

धाकटीनं सुरुवातीला दोनदा मागितला होता. पहिल्यांदा थोरली म्हणाली, "बघू." दुसऱ्यांदा तेही म्हणाली नाही. तेव्हापासून धाकटी बाजारातून बोटाएवढ्या गडद बाटल्या आणायची. महिन्याभरात एक संपायची की दुसरी. या उधळेपणाबद्दल थोरली नवऱ्याला जेवताना सविस्तर सांगायची. तो जेवत असायचा.

खाज आधी बोटांच्या बेचक्यांत आली. मग लाली, मग बारीक पुरळ, मग कातडीला भेगा. रविवारी सुटी असली की सोमवारपर्यंत जरा बरं वाटायचं आणि मंगळवारी पुन्हा आग. म्हणजे दुखणं केंद्रात होतं, आणि केंद्रात थोरलीशिवाय धाकटीच होती. हिशेब सरळ होता. त्या बोटाएवढ्या बाटल्यांमध्ये काहीतरी स्वस्तातली भेसळ असणार, टॉवेलांमधून आपल्या हातांना लागत असणार. हात गेले तर धंदा गेला आणि खिडकीकडचं टेबलही गेलं, हे तिला माहीत होतं. धाकटीलाही माहीत असणार, अशी तिची खात्री होती.

त्वचेच्या डॉक्टरांकडे ती पुराव्यानिशी गेली. पिशवीत स्वतःची बाटली आणि पडद्यापलीकडून उचललेली धाकटीची. डॉक्टरांनी दोन्हीतले थेंब सारखेच पातळ केले, साधं तेल तिसरं घेतलं, आणि तिच्या पाठीवर तीन चकत्या चिकटवून शेजारी पेनानं आकडे घातले. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. मग चकत्या काढून बघायचं, चौथ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आरसा धरला. साध्या तेलाची जागा स्वच्छ होती. धाकटीच्या अर्काची जागाही स्वच्छ. थोरलीच्या बाटलीची जागा लाल, सुजलेली, बारीक फोडांनी भरलेली.

थोरलीला क्षणभर आनंदच झाला. म्हणजे भेसळ धाकटीच्या नव्हे, आपल्याच बाटलीत केलेली आहे. हे तर जास्त नीच झालं.

"हिच्यात कुणीतरी काहीतरी घातलंय," ती म्हणाली. "त्या भेसळीचं नाव लिहून द्या मला कागदावर."

"बाटली कोण कोण उघडतं?"

"मी. किल्ली माझ्याकडेच असते."

"मग फक्त हवा आत गेली असणार," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अर्कातला सुगंध मुळात फारसा त्रासदायक नसतो. पण बूच उघडलं की हवेतला प्राणवायू आत जातो आणि थोडं थोडं करत सुगंधाचं दुसरंच काही बनवतो. उजेड आणि ऊब ते काम पुढं रेटतात. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त. हे नवं द्रव्य कातडीत शिरतं आणि शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. त्या शिकण्याला कधी वर्षं लागतात, तोवर काहीच दिसत नाही. एकदा शिकलं की मात्र विसरत नाही; मग थोडंसं लागलं तरी पुरळ.

"पण वास तर तसाच आहे," थोरली म्हणाली.

"नाकाला कळेलच असं नाही. तुमच्या जाऊबाईंच्या ताज्या बाटलीत ते नावालाच असेल, म्हणून आज काही उठलं नाही. पण तीही रोज उघडली जातेच. तुम्ही आता लॅव्हेंडरपासून लांबच राहा. साबणातल्यासुद्धा. बिनवासाच्या तेलानं खुशाल काम करा." मग त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकांपैकी कुणाला खाज सुटली होती का.

नाही, थोरली म्हणाली. तुम्ही विचारलंत का, डॉक्टर म्हणाले.

तिनं जिन्यातूनच मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. बाईंनी आधी गुरुवारच्या सोयीबद्दल बरंच सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, तुमचा हात उत्तमच. पण घरी गेले की दुसऱ्या दिवशी पाठ पेटायची. तोंडावर कसं सांगायचं?" शाळेत चाळीस वर्षं सगळ्यांना तोंडावर सांगत आलेल्या बाई होत्या त्या. त्वचेच्या डॉक्टरांना पाठ दाखवा, एवढं सांगून थोरलीनं फोन ठेवला.

केंद्रात धाकटी टॉवेलांच्या घड्या घालत होती. डॉक्टरांनी वासाचं काही लावायचं नाही म्हटलंय, एवढंच थोरली बोलली. धाकटीनं दोन घड्या घातल्या आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग वहिनी, ती बाटली आता मला द्या ना. तुम्हाला तर तिचा उपयोग नाही."

बाटली पिशवीतच होती. काढून दिली असती की झालं असतं. सगळे म्हणाले असते, थोरलीचं मन किती मोठं. आणि आज ना उद्या पडद्यापलीकडचे हातही लाल झाले असते. थोरलीचा हात पिशवीत गेला, काचेला लागला आणि तिथंच बराच वेळ राहिला.

"नाही देणार," ती म्हणाली.

धाकटीचे ओठ आवळले गेले. "पाच वर्षं बघतेय. कुजून गेलं तरी चालेल, पण मला द्यायचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच थोरलीनं तिचं भलं केलं होतं आणि ते नेहमीच्या कंजूषपणासारखंच दिसत होतं. हे काही तिला सहन होईना. तिनं डॉक्टरांचा कागद टॉवेलांवर ठेवला आणि सगळं सांगितलं. कपाटाची ऊब, रिकामी बाटली, पेटलेली पाठ, काहीही न गाळता. तुझ्याही बाटल्या आता इथं नकोत, नाहीतर मला इथं काम करता येणार नाही, हेही.

धाकटीनं कागद वाचला. बाटल्या आजच घरी नेते म्हणाली. मग पुन्हा कागद वाचला, या वेळी सावकाश.

"म्हणजे त्या बाई माझ्याकडे आल्या, त्या..."

"हो."

"माझ्या हातासाठी नाही."

"पाठ खाजू नये म्हणून," थोरली म्हणाली. "तुझ्याकडे ती बाटली नव्हती ना."

एकदा घातलेली घडी धाकटीनं मोडली आणि तीच पुन्हा घालू लागली. थोरलीनं तिच्या पडलेल्या चेहऱ्याकडे निवांत बघून घेतलं. हातांची आग जरा कमी झाल्यासारखी वाटत होती. डॉक्टरांनी दिलेलं मलम अजून लावायचं होतं.