शंभरातले वीस राहतात

मी चिडकी आहे. बावीस वर्षं मार्केटिंग शिकवते आहे आणि बावीस वर्षं चिडते आहे. म्हणून निकाल लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराला, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हातात धरून ती दारात उभी राहिली तेव्हा मी मान वर न करताच म्हणाले, "फेरतपासणीचा फॉर्म भरा. मुदत आज पाचला संपते. माझ्याकडे मार्क वाढवून मिळत नाहीत."

"फॉर्म भरलाय मॅडम. मार्क नकोत. मला फक्त माझं काय चुकलं ते सांगा."

संध्याकाळच्या वर्गातली होती. तिशीच्या पुढची. मुलं तिला फोनवाली म्हणायची, कारण ती पाणी शुद्ध करायची यंत्रं दुरुस्त करून देणाऱ्या एका कंपनीत दिवसभर फोनवर असते. वार्षिक करार संपत आलेल्या गिऱ्हाइकांना फोन करायचा, तक्रार ऐकायची, ती कॉम्प्युटरवर त्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहायची, करार पुढे चालू ठेवायला लावायचा. तिला शंभरातले चौतीस होते. पास व्हायला चाळीस लागतात. आणि ही तिची शेवटची संधी होती. महिनाअखेरीस तिच्या ऑफिसात गटप्रमुखाची जागा भरणार होती, आणि पदवीचा कागद नसेल तर ती जागा तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरीला मिळणार होती. हे सगळं तिने उभ्याउभ्या, एका दमात, फोनवर सांगतात तसं सांगितलं.

"दाखवा," मी म्हणाले. खरं तर मला तिला कटवायचं होतं.

दहा मार्कांचा प्रश्न. दहापैकी दोन. मला हसूच आलं, कारण हा प्रश्न मीच काढला होता. आमच्याकडे पेपर कुणी काढला ते गुपित असतं, पण ह्या पेपरचं मराठी मी भांडून मंजूर करून घेतलं होतं, आणि लिहिलंही मीच होतं. इंग्रजी पेपर फाडफाड वाचणारी पोरं वेगळी आणि दिवसभर राबून संध्याकाळी येणारी ही माणसं वेगळी. त्यांना त्यांच्या भाषेत प्रश्न कळायला हवा, असं मी समितीत टेबलावर हात आपटून म्हटलं होतं.

प्रश्न असा होता: 'एका व्यायामशाळेचे दरवर्षी शंभरातले वीस सभासद राहतात. एका सभासदामागे वर्षाला बाराशे नफा होतो. नवीन सभासद मिळवायला पाचशे खर्च येतो. सभासदाचे आजीवन मूल्य काढा. व्याजाचा विचार करू नये.'

"हे बघा," मी पेन उचललं. "आजीवन मूल्य म्हणजे एक सभासद निघून जाईपर्यंत आपल्याला एकूण किती देतो. वर्षाला वीस टक्के गळतात. म्हणजे एक सभासद सरासरी किती वर्षं आपल्याकडे असतो? एक भागिले शून्य पूर्णांक दोन. पाच वर्षं. पाच गुणिले बाराशे, सहा हजार. त्यातून मिळवायचा खर्च पाचशे वजा. साडेपाच हजार. आणि तुम्ही काय काढलंत? हजार! टिकणारे आणि गळणारे यांत गोंधळ. पहिल्या वर्षाची पोरं करतात ही चूक. तुम्ही तर हेच काम करता!"

"म्हणूनच तर कळेना झालंय मॅडम." तिने बोट ठेवलं. "इथे वीस राहतात असं लिहिलंय ना?"

"हो, राहतात."

"मग वीस राहिले तर ऐंशी गेले. एक भागिले शून्य पूर्णांक आठ, सव्वा वर्ष. सव्वा गुणिले बाराशे, पंधराशे. वजा पाचशे. हजार."

"अहो, राहतात म्हणजे..." म्हणता म्हणता मी प्रश्न पुन्हा वाचला.

"आमच्या शीटवर दोन रकाने असतात," ती हळूच म्हणाली. "राहिले आणि गेले. करार चालू ठेवला तो राहिला. चार वर्षं रोज तेच भरते मी."

आणि मी? मी बावीस वर्षं निकालाची यादी भरते. आमच्या स्टाफरूममध्ये कुणीही विचारतं, 'तुझ्या वर्गात किती राहिले?' आणि मी सांगते, 'शंभरातले वीस राहिले.' म्हणजे वीस नापास. गळाले. मी प्रश्न लिहिताना माझ्या डोक्यात तेच राहणं होतं. लिहिताना एकदासुद्धा शंका आली नाही. इंग्रजीत 'सोडून जातात' असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि तपासणाऱ्या समितीने इंग्रजी वाचून सही केली होती. मराठी वाचलंच कोणी?

वर अक्कल माझी अशी की परीक्षकांना दिलेल्या आदर्श उत्तरात मीच सूचना टाकली होती: 'उत्तर हजार आल्यास दोन गुण. टिकण्याच्या आणि गळण्याच्या दरात गोंधळ.' चूक कुठे होणार ते मला आधीच ठाऊक होतं म्हणे! तिने उत्तराखाली एक ओळ लिहिली होती, 'पण ऐंशी माणसं का जातात हे त्यांना फोन करून आधी विचारायला हवं.' त्यावर कुणीतरी शेरा मारला होता: अप्रस्तुत.

 मला राग आला, आणि ह्या वेळी तो काढायला समोर कुणी नव्हतं.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले. हे वाक्य बोलायची मला सवय नाही. "चला माझ्याबरोबर."

परीक्षा विभागाचे साहेब चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. ते कप खाली न ठेवता म्हणाले, "मॅडम, हे मी ऐकलं नाही असं समजतो. लेखी दिलंत तर पेपर काढणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव कायमचं जाईल. मराठी पेपरसाठी एवढं भांडलात, लोक तोंडात शेण घालतील. ह्या बाईंनी अर्ज केलाय ना? त्यांचे मार्क सुधारू. विषय मिटला."

"मिटला कसा? मराठी पेपरवरून लिहिणारे बाकीचे?"

"अर्ज केलाय त्यांच्याच उत्तरपत्रिका उघडता येतात. नियम आहे. बाकीच्यांनी तक्रारच केली नाही म्हटल्यावर समाधानी आहेत असं धरायचं."

समाधानी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी दुसऱ्या तासाला मी फळ्यावर हेच शिकवते, की तक्रार करणारा गिऱ्हाईक अजून तुमच्यात अडकलेला असतो. बहुतेक नाराज माणसं तक्रार करत नाहीत, गुपचूप निघून जातात, आणि दुकानदार समजतो सगळं आलबेल आहे. मी तिथेच त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहून दिलं. चूक माझी, शब्द माझा, खाली सही. साहेबांचा चहा निवला.

"यादी द्या," मी म्हणाले.

मराठीत लिहून त्या प्रश्नाला दोन मिळालेले आणि चौतीस-छत्तीसवर अडकून नापास झालेले अकरा जण निघाले. त्यांपैकी अर्ज केलेली एकटी फोनवाली. उरले दहा. ही यादी काढेपर्यंत घड्याळात सव्वातीन झाले.

मी पहिला नंबर फिरवला. "मी कॉलेजातून बोलते आहे, तुमच्या मार्केटिंगच्या पेपरबद्दल..." पलीकडून फोन कट.

दुसरा. कट.

"द्या इकडे," फोनवाली म्हणाली. "तुम्ही वसुलीला आल्यासारख्या बोलता मॅडम. आधी त्यांचं नाव घ्यायचं. मग विचारायचं, दोन मिनिटं आहेत का. मग चांगली बातमी आहे हे सांगायचं. आणि 'पेपर' हा शब्द शेवटी."

तिने तिथेच खुर्ची ओढली. तिचा फोन, माझा फोन, दोन्ही कामाला लागले. ती बोलायची, मी फॉर्मची लिंक पाठवायची, प्रत्येकाच्या नावापुढे खूण करायची. मध्येच ती माझ्या हातातला कागद ओढून म्हणायची, "नुसती खूण नको, काय बोलणं झालं ते लिहा. परत फोन करावा लागला तर पहिल्यापासून सुरुवात करणार का?" बावीस वर्षं मी ग्राहकसंबंधांवर प्रकरणं शिकवली, आणि कॉपीवाल्या पोराने मान खाली घालावी तशी मी तिच्यापुढे मुकाट लिहीत होते. एकाला वाटलं चेष्टा चालली आहे, त्याने शिव्या दिल्या. एक ड्रायव्हर होता, गाडी बाजूला घेऊन त्याने तिथल्या तिथे फॉर्म भरला. एकीने फोनवरच रडायला सुरुवात केली. "ताई, रडा नंतर, आधी पाचचं बघा," फोनवाली तिला म्हणाली.

साडेचारपर्यंत आठ झाले. नववा काही केल्या फोन उचलेना. शेवटी त्याच्या कामाच्या ठिकाणी फोन करून गाठला. पावणेपाचला एकच उरला. छत्तीस मार्क. फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने उचलला. हा मी घेतला.

"मॅडम?" त्याला माझा आवाज कळला. "आता कशाला मॅडम, मी सोडलं. पुस्तकंसुद्धा रद्दीत घातली."

मी सांगितलं. राहतात म्हणजे काय, मी काय लिहिलं, त्याने काय वाचलं.  

"म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं?"

"हो."

"मला वाटलं माझ्याच डोक्यात शिरत नाही. वय झालं म्हटलं." "मॅडम, हे माझ्या बायकोला सांगाल का? मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही."

बाई फोनवर आल्या. त्यांनाही सांगितलं. दहा मिनिटं उरलेली, फोनवाली समोरून हाताने फॉर्म, फॉर्म अशा खुणा करते आहे. मग फोन बाजूला धरून बाईंनी हाक मारली, ती मला स्पष्ट ऐकू आली. "अहो, इकडे या. तीन आठवडे मी तुम्हाला काय काय बोलले हो! पोरांसमोर बोलले. चुकलं माझं."

"अहो बाई!" मी ओरडले. "माफी नंतर मागा, आधी त्यांचा बैठक क्रमांक सांगा!"

त्यांनी सांगितला. एक आकडा चुकला, परत सांगितला. फोनवालीने टाईप केला. चार अठ्ठावन्नला फॉर्म गेला. ती खुर्चीत मागे रेलली आणि मग मला एकदम आठवलं, की सगळ्यांकडून मी नंबर घेतले, लिंका पाठवल्या, घाई केली, पण 'चुकलं माझं' हे ह्या दहांपैकी एकालाही म्हटलं नव्हतं. समोर बसलेल्या हिलासुद्धा नाही. ते म्हणाली होती ती त्या घरातली बाई, आणि तिची चूक नव्हतीच.